मांजराला आधी एकच खोली द्या

प्रश्न: आम्ही पुढच्या महिन्यात पुण्याहून बंगळुरूला शिफ्ट होतोय. आमचा बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली, घराबाहेर कधी गेलेला नाही, व्हेटकडे नेतानासुद्धा रस्ताभर ओरडतो. कारने न्यायचं ठरलंय. तिथे सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. सासूबाई म्हणतात पोचलो की दुसऱ्याच दिवशी वास्तुशांत करून टाकू. त्याला नवीन घरात कसं रुळवायचं? तो जेवला नाही किंवा पळून गेला तर काय, या विचाराने मला झोप येत नाहीये.

उत्तर:

पुण्यात गेली १७ वर्षं कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करतेय आणि दर मे-जूनमध्ये शाळा बदलायच्या सीझनला हा प्रश्न हमखास येतो. आधी वास्तुशांतीचं सांगते कारण तेच सगळ्यात सोपं आहे. ती बोका तिथे पोचायच्या आधी करा, नाहीतर सरळ महिनाभराने करा, पण दुसऱ्या दिवशी नको. होमाचा धूर, तीस माणसं, सतत उघडं असलेलं मेनडोअर आणि "अगं मांजर बघू दे ना" म्हणून खोलीत डोकावणारी पोरं. मांजर पळतं ते प्रवासात कमी आणि अशा दिवशी जास्त. सासूबाईंना माझं नाव सांगा, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या म्हणून सांगा, चालेल.

मूळ गोष्ट अशी आहे की मांजराचं घर म्हणजे त्याच्या स्वतःच्या वासाचा नकाशा असतो. ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पायाला गाल घासतं ना, ते नुसते लाड नसतात, गालातल्या ग्रंथींचा वास तो तिथे लावत असतो, म्हणजे ही जागा आपली, इथे धोका नाही. नवीन फ्लॅटमध्ये यातलं काहीच नाही, वर ताजा पेंट, सुताराचा फेव्हिकॉल, फिनेल. माणूस नवीन घर बघून खूश होतो, बोक्याला मात्र ती अख्खी अनोळखी जागा एका झटक्यात आपलीशी करायची असते आणि ते त्याला जमत नाही. म्हणून जागा छोटी करून द्यायची आणि जुना वास सोबत न्यायचा. बाकी सगळं यातूनच निघतं.

तुमच्याकडे महिना आहे ते बरंय. आजच कॅरियर माळ्यावरून खाली काढा आणि हॉलमध्ये दार उघडं ठेवून टाकून द्या, आत तुमचा वापरलेला जुना टीशर्ट किंवा मऊ सुती साडीची घडी. न धुतलेली बरं का. तो रस्ताभर ओरडतो कारण कॅरियर दिसलं की सुई टोचणार एवढंच त्याला माहितीये. आठवडाभर त्याच्याकडे बघूही नका, मग त्याचं जेवण कॅरियरच्या तोंडाशी, मग आत, मग तो आत खात असताना दार मिनिटभर लावा, उघडा. शेवटच्या आठवड्यात त्याला कॅरियरमध्ये घेऊन पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसा, इंजिन चालू करा, सोसायटीला एक चक्कर मारा, परत वर. कॅरियर घ्यायचंच असेल तर कडक प्लॅस्टिकचं, वरूनही उघडतं असं घ्या. कापडी बॅगेची चेन घाबरलेला बोका नखाने आणि तोंडाने उघडतो, हे मी क्लिनिकच्या जिन्यात दोनदा बघितलंय.

मूव्हर्स यायच्या दिवशी बोका बाथरूममध्ये. ट्रे, पाणी, कॅरियर आत, बाहेरून कडी, आणि दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा की आत मांजर आहे, उघडू नये. घरातल्या माणसांसाठीसुद्धा लावा, गडबडीत आपणच उघडतो. त्या बाथरूमची खिडकी मात्र आधी नीट बघून घ्या, का ते पुढे सांगते. त्याचं अंथरूण, भांडी, ट्रे, खाजवायचा खांब यातलं काहीही ट्रकमध्ये द्यायचं नाही, ते तुमच्या गाडीत. आणि कृपा करून निघायच्या आधी त्याचं अंथरूण स्वच्छ धुऊ नका, ट्रे घासून लख्ख करू नका. आपल्या बायकांना घाणेरडी वस्तू नव्या घरात न्यायला जिवावर येतं, मला कळतं, पण त्या घाणेरड्या चादरीतच त्याचं अर्धं घर आहे. वापरलेलं लिटर दोन वाट्या झिपलॉकमध्ये भरून न्या, नवीन ट्रेमध्ये वरून पसरायचं, म्हणजे शी-शू कुठे करायची हा प्रश्नच त्याला पडत नाही. ब्रँडही तोच ठेवा, निदान पहिला महिना, खाणंही तेच.

प्रवास. पुणे-बंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, थांबत गेलं तर १४-१५ तास. दोघं चालवणारे असाल तर मी एका दिवसात जा म्हणेन, पहाटे चार-साडेचारला निघून. वाटेत हुबळीला वगैरे मुक्काम केला तर तो हॉटेलचा रूम म्हणजे बोक्याला आणखी एक अनोळखी जागा आणि डबलबेडच्या खालच्या फटीतून सकाळी त्याला ओढून काढणं आलं. एकटेच चालवणार असाल तर अर्थातच मुक्काम करा, तुमची झोप जास्त महत्त्वाची, फक्त रात्री त्याला हॉटेलच्या बाथरूममध्येच ठेवा. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवण, मग निघायच्या आधी पाचेक तास काही नाही, पाणी चालेल. सकाळी कौतुकाने भरवून निघालात तर कात्रज आणि खंबाटकी पहिल्या दीड तासातच येतात आणि तिथे ते सगळं बाहेर येतं. तोंडातून लाळ गळायला लागली, तो सारखा ओठ चाटतोय, की समजा मळमळतंय.

कॅरियर मागच्या सीटखाली पायाच्या जागेत ठेवा किंवा सीटवर बेल्ट लावून, वरून पातळ सुती कापड, तीन बाजू झाकलेल्या आणि एक उघडी. एसी चालू. पहिला तास-दोन तास तो बोंबलेल, मग गप्प होईल. ओरडतो म्हणून मांडीवर काढून घ्यायचं नाही, ही माझी हात जोडून विनंती आहे, ब्रेकच्या पेडलखाली गेलेल्या मांजराच्या गोष्टी ऐकायला गंमतीच्या वाटतात, असतात भयानक. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून, सगळी दारं आणि काचा बंद करून, मग कॅरियर उघडून ट्रे आणि पाणी पुढे करायचं. बहुतेक करणार नाही काही. बारा-चौदा तास लघवी न करणं प्रवासात चालून जातं. नियम एकच, कॅरियर उघडं तेव्हा गाडीचं दार बंद आणि गाडीचं दार उघडं तेव्हा कॅरियर बंद. चहाला उतरलात तरी बंद गाडीत त्याला एकटं सोडू नका, उन्हात दहा मिनिटांत आत भट्टी होते. घाबरून दोन-चार मिनिटं तोंड उघडून धापा टाकली तर थांबा, एसी वाढवा, शांत करा. तरी थांबत नसेल तर ते नुसतं घाबरणं राहिलेलं नाही, जवळचा व्हेट शोधा.

औषधाचं सगळे विचारतात. घाबरट मांजरांना मी गॅबापेंटिन देते, निघायच्या दोन-तीन तास आधी, पण डोस इथे लिहिणार नाही कारण तो वजन आणि किडनी बघून ठरतो. तुमच्या व्हेटकडून घ्या आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा घरी देऊन बघा, काही मांजरं जरा लटपटत चालतात, ते पहिल्यांदा हायवेवर बघायला नको. घरातली कुठलीही माणसाची गोळी नाही. पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जातो.

आता नवीन घर. तुम्ही जायच्या आधी तिथे कोणी जाणार असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे पेस्ट कंट्रोल. रिकामा फ्लॅट ताब्यात आला की लोक आधी स्प्रे मारून घेतात, त्यात बहुतेक पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात आणि मांजराच्या शरीराला ती नीट निकामी करता येत नाहीत. झुरळांसाठी जेलचे ठिपके मारून घ्या, कपाटाच्या बिजागरीत वगैरे, जिथे त्याची जीभ पोचणार नाही. स्प्रे झालाच असेल तर दोन-तीन दिवस घर उघडं ठेवून फरशी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. दुसरं फिनेल. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं असं कुठलंही फ्लोअर क्लीनर किंवा अँटिसेप्टिक मांजराच्या घरात नको. ते त्या फरशीवर चालतं आणि मग बसून पंजे चाटतं, तेवढं पुरतं. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढून टाका.

मग एक खोली निवडा. सगळ्यात शांत, लहान बेडरूम, जमल्यास अटॅच्ड बाथरूमवाली, मेनडोअर आणि किचनपासून लांब. ट्रे एका कोपऱ्यात, जेवण-पाणी समोरच्या कोपऱ्यात, दोन्ही शेजारी ठेवू नका, आपणही संडासात ताट घेऊन बसत नाही. त्याची न धुतलेली चादर, तुमचे वापरलेले कपडे, आणि लपायला जागा. ही जागा तुम्ही द्यायची. मूव्हर्सचा एक खोका आडवा ठेवा, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडा. नाही दिलीत तर तो स्वतः शोधेल आणि ती दिवाणाच्या आत किंवा वॉशिंग मशीनच्या मागे असेल. जुन्या घरातून निघायच्या आधी एक स्वच्छ सुती मोजा त्याच्या गालांवर आणि हनुवटीवर हलके घासून ठेवा, इथे पोचल्यावर तोच मोजा खोलीच्या चौकटीवर, पलंगाच्या पायांवर, त्याच्या उंचीला फिरवा. फुकटचा उपाय आहे. त्या गालाच्या वासासारखा कृत्रिम वास सोडणारा फेरोमोनचा प्लगइन डिफ्यूझर मिळतो तोही लावा हवा तर, महाग आहे, काहींना फरक पडतो काहींना नाही.

कॅरियर त्या खोलीत ठेवा, दार लावा, कॅरियर उघडा आणि तुम्ही बाहेर या. त्याला काढू नका. अख्खं घर दाखवायला कडेवर घेऊन फिरू नका. तासाने आत जा, जमिनीवर बसा, मोबाइल बघा, त्याच्याकडे बघू नका. पहिली रात्र तुमच्यापैकी कोणीतरी त्याच खोलीत झोपा.

या खोलीतले पहिले पाच-सहा दिवस काय बघायचं हे मी एका खऱ्या केसवरून सांगते. माझ्या एका क्लायंटचा बोका, त्याला गुंड्या म्हणू, जवळजवळ सहा किलोचा, पाच वर्षांचा, गेल्या वर्षी पुण्याहून हैदराबादला गेला. प्रवास उत्तम झाला. खोली दिली, खोका दिला, सगळं बरोबर. पहिल्या दिवशी काहीच खाल्लं नाही. रात्री दोनला उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी, मीठ-मसाला-कांदा काही न घातलेलं, ते चाटून संपवलं आणि ट्रेमध्ये शू करून लिटरचा लिंबाएवढा मोठा गोळा करून ठेवला. मी म्हटलं झालं, आता रुळेल. दुसरा-तिसरा दिवस थोडं थोडं खाणं. चौथ्या दिवशी ताईंनी मला सहज म्हणून ट्रेचा फोटो पाठवला, बघा किती छान वापरतोय, दिवसभरात सात-आठ वेळा जाऊन आला. फोटोत सात गोळे होते आणि प्रत्येक सुपारीएवढा. मी तिथल्या तिथे फोन करून विचारलं, तो मागचा भाग चाटतोय का, ट्रेमध्ये बसून बराच वेळ कुंथतोय का, तर म्हणे हो, बद्धकोष्ठ झालंय वाटतं, एरंडेल देऊ का.

तर हे लक्षात ठेवा, बोक्यांमध्ये हेच सगळ्यात धोक्याचं आहे. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, बोक्याची मूत्रनलिका अगदी बारीक असते, तिच्यात चिकट गाळ अडकून लघवी तुंबते. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि दिसायला ते अगदी बद्धकोष्ठासारखंच दिसतं. गुंड्या अर्धवट तुंबलेला होता, तासाभरात दवाखान्यात पोचला, कॅथेटर घालून तीन दिवस ठेवावा लागला, वाचला. ताण कशाचा होता ते नंतर कळलं. गुंड्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मॉड्युलर किचनवाले चार दिवस ड्रिल मारत होते. खोली दिली पण शांतता नव्हती.

म्हणून तुमचं ड्रिलचं, पडद्याच्या रॉडचं, एसीचं काम तो पोचायच्या आधी उरका. आणि रोज गोळे मोजा. दिवसाला दोन ते चार, लिंबाएवढे, म्हणजे सगळं ठीक. सुपारीएवढे खूप सारे, किंवा ट्रेमध्ये बसतोय आणि काहीच नाही, किंवा लालसर, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता सुद्धा निघायचं. त्यासाठी बंगळुरूत तुमच्या घराजवळचा चोवीस तास चालणारा पेट क्लिनिक आजच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. पाणी त्याच्या पोटात जास्त जाईल असं बघा, वेट फूडमध्ये दोन चमचे कोमट पाणी घाला. तिथे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर चव बदलते आणि काही मांजरं तोंड लावत नाहीत, सुरुवातीला बाटलीबंद द्या.

खाण्याचं म्हणाल तर पहिला दिवस उपाशी राहिला तर घाबरू नका. २४ तास झाले तर आवडीचं, वासाचं, कोमट करून द्या, बोटाने नाकाला लावा. ४८ तास पूर्ण उपाशी म्हणजे व्हेट, यात घासाघीस नाही. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मग ते उपाशी आहे म्हणून आजारी आणि आजारी आहे म्हणून उपाशी असं चक्र सुरू होतं.

खोलीचं दार कधी उघडायचं? तारीख बघून नाही, त्याच्याकडे बघून. नीट खातोय, गोळे नीट आहेत, अंग चाटून साफ करतोय, शेपूट वर करून तुमच्याकडे येतो, आणि दाराशी येऊन ओरडतो की मला बाहेर सोडा. यातलं शेवटचं महत्त्वाचं. काहींना तीन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. मग रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद, हॉल उघडा, फक्त हॉल. खोलीचं दार उघडंच ठेवा म्हणजे दचकला की पळत परत जाता येईल. तो पळतोच, दोन-चारदा. ट्रे लगेच हलवू नका. हॉलमध्ये ठेवायचा असेल तर दुसरा ट्रे तिथे लावा, तो वापरायला लागला की मग पहिला काढा.

आता खिडक्या. सातवा मजला म्हणून लोक बाल्कनीला कबुतरांची जाळी मारतात आणि निश्चिंत होतात. ती नायलॉनची जाळी कबुतराला आत येऊ देत नाही एवढंच, बोका आतून कुरतडून दोन रात्रींत भोक पाडू शकतो. स्टीलच्या तारेची किंवा खास मांजरांसाठीची जाड जाळी, खाली आणि बाजूला पक्की आवळलेली, लावून होईपर्यंत बाल्कनी बंद. स्लायडिंग खिडकीची मच्छरदाणी हाताने ढकलून बघा, बहुतेक ठिकाणी ती चौकटीतून सरळ निसटते. ग्रिलच्या गजांमधून त्याचं डोकं गेलं तर अंग जातंच.

आणि बाथरूमची ती आडव्या काचपट्ट्यांची खिडकी. २०१४ साली मी स्वतः घर बदललं तेव्हा माझी मनी तिथूनच गेली. मी व्हेट, लोकांना शिकवणारी, आणि एक काचपट्टी सैल होती ती मी बघितली नाही. ती डक्टमध्ये उतरली, पाइपांवरून खाली. दिवसभर आम्ही सोसायटीभर तिच्या नावाने ओरडत फिरलो, शेजारच्या गल्लीत पोस्टर लावले. ती होती कुठे, तर आमच्याच बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपाच्या खोलीत, पंपाच्या मागे, आणि मी दोनदा त्या दारासमोरून हाका मारत गेले होते. घरातलं मांजर हरवलं की ते लांब जात नाही, जवळच्या जवळ पहिल्या अंधाऱ्या फटीत शिरतं आणि तुमच्या हाकेलाही आवाज देत नाही, कारण आवाज दिला की सापडू ही भीती. म्हणून रात्री दोन ते चार, सगळं शांत झाल्यावर, हातात टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून गाड्यांखाली, मीटररूम, जिन्याखाली, डक्टच्या तळाशी बघा, डोळे चमकतात. सापडलं तर झडप घालू नका, जमिनीवर बसा, खाणं पुढे सरका, वेळ जाऊ द्या. मनी पहाटे साडेतीनला सापडली आणि बाहेर यायला सव्वा तास लागला. निघायच्या आधी बोक्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि जमलं तर मायक्रोचिप बसवून घ्या, ती लसीकरणाच्या वेळीच होऊन जाते.

जुनं घर आणि नवीन घर दोन-चार किलोमीटरवर असतं तर मी वेगळंही सांगितलं असतं, कारण अशी मांजरं सुटली की जुन्या घरी परत जातात, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

जाळी, लिटर, व्हेटचा नंबर, किचनवाल्याची तारीख, एवढं आधी मार्गी लावा. काही अडलं तर ट्रेचा फोटो टाका, बाकी कुठल्याही वर्णनापेक्षा मला त्यातून जास्त कळतं.